उतारा लिहिताना काय गाळायचं?

‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.’ ही सूचना प्रत्येक मराठी माणसानं परीक्षेत वाचलेली असते. पण सातवीसाठी असा उतारा नव्यानं लिहायला बसलं, की बहुतेक जण आधी माहितीपर परिच्छेद लिहितात आणि मग त्यात प्रश्न शोधतात. अशा उताऱ्यातून थेट प्रश्न भरपूर निघतात, अनुमानाचा एकही निघत नाही. म्हणून क्रम उलटा हवा. मुलांनी स्वतः काय ओळखायचं हे आधी ठरवायचं आणि नेमकं तेच उताऱ्यात लिहायचं नाही.

अमेरिकी अभ्यासक थॉमस बॅरेट यांनी वाचन-आकलनाच्या पाच पातळ्या सांगितल्या. त्यांपैकी तीन इथे पुरेत: लिहिलेलं सापडणं, न लिहिलेलं ताडणं आणि दोन्हींवरून मत बनवणं. एक छोटा उतारा घेऊ. प्रत्यक्षात सातवीला याच्या दुपटीनं मोठाही चालेल.

‘बुधवारच्या बाजारात सखूबाई मेथीच्या तीस जुड्या घेऊन बसली. भाव होता दहाला एक. दुपारपर्यंत नऊ जुड्या गेल्या. चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. समोरचे दोघे आपलं पाल आवरू लागले. सखूबाईनं पाटीवरचं ओलं फडकं उचललं, एक जुडी हातात घेऊन पाहिली आणि ओरडली, “दहाला तीन!” सकाळी एक जुडी नेलेल्या काकू परत आल्या. म्हणाल्या, “मग मला अजून दोन द्या, तशाच.” “सकाळची भाजी सकाळची,” असं म्हणून सखूबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.’

पहिला प्रश्न थेट: दुपारपर्यंत किती जुड्या विकल्या गेल्या? उताऱ्यात ‘गेल्या’ आहे, प्रश्नात ‘विकल्या गेल्या’. हा बदल मुद्दाम केलेला आहे. ‘भिंगरूनं चुंबळा टरकला’ हे निरर्थक वाक्य घ्या. भिंगरूनं काय टरकला, असं विचारलं तर काहीही न समजता ‘चुंबळा’ हे उत्तर देता येतं. उताऱ्याचेच शब्द प्रश्नात उचलले, तर मुलाची फक्त नजर तपासली जाते.

दुसरा प्रश्न अनुमानाचा: सखूबाईनं भाव का उतरवला? उताऱ्याच्या कच्च्या खर्ड्यात हमखास ‘पाऊस येणार म्हणून तिनं भाव उतरवला’ असं वाक्य येतं. ते आलं की प्रश्न मेला. तो पुन्हा थेट झाला. म्हणून खर्डा वाचताना ‘म्हणून’, ‘कारण’, ‘रागानं’, ‘घाबरून’ असे शब्द शोधावेत आणि ज्यावर प्रश्न विचारायचा आहे तिथले खोडावेत. मात्र खुणा ठेवाव्यात. इथे भरलेलं आभाळ, आवरलं जाणारं पाल, हातात घेऊन पाहिलेली जुडी आणि दुपारी उरलेल्या एकवीस जुड्या आहेत. उत्तरासाठी निदान दोन खुणा पेन्सिलनं अधोरेखित करता आल्या पाहिजेत. ‘सखूबाईच्या घरी कोण कोण असेल?’ या प्रश्नाला एकही खूण नाही. ते अनुमान नव्हे, अंदाजपंचे.

तिसरा प्रश्न मूल्यमापनाचा. शाळेच्या भाषेत स्वमत. इथे सर्वांत जास्त घसरायला होतं. ‘भाजीविक्रेत्यांच्या कष्टांबद्दल तुमचे मत लिहा’ हा प्रश्न उतारा न वाचताही सोडवता येतो आणि मुलं पाठ केलेला निबंध उतरवतात. त्याऐवजी विचारावं: काकूंना नकार देणं योग्य होतं का? उताऱ्यातल्या दोन गोष्टींच्या आधारे सांगा. आता दोन्ही बाजू उभ्या राहतात. काकूंना सकाळी ताजी जुडी मिळाली आणि तेव्हाचा भाव त्यांना मान्य होता. उलट, त्यांनी आताच्या तिप्पट दर दिला आणि तीच भाजी डोळ्यांसमोर स्वस्तात चालली आहे. एकच बाजू मांडता येत असेल, तर त्या प्रश्नात मत नाही, उपदेश आहे.

गुण कसे द्यायचे हेही प्रश्नाबरोबरच ठरवावं. दोन गुणांच्या अनुमानाला कारण सांगितलं तर एक आणि खूण दाखवली तर दुसरा. ‘पाऊस येणार होता’ इतकंच लिहिलं, तर एक. ‘जुड्या सुकायला लागल्या असाव्यात, कारण तिनं जुडी हातात घेऊन पाहिली’ याला दोन. स्वमतात बाजूला गुण नाहीत, आधाराला आहेत.

वर्गात देण्यापूर्वी दोन चाचण्या पुरतात. एका मुलाला उतारा न दाखवता नुसते प्रश्न द्यावेत. ज्याचं पटण्याजोगं उत्तर आलं तो प्रश्न बदलावा. मग चार-पाच मुलांना उताऱ्यासह द्यावेत. अनुमानाच्या प्रश्नाला सगळ्यांनी उताऱ्यातलंच एक वाक्य जसंच्या तसं लिहिलं, तर तुम्ही उत्तर सांगून बसला आहात. प्रत्येकाचं उत्तर निराळं आणि एकालाही खूण दाखवता येत नसेल, तर उताऱ्यात खुणा कमी पडल्या आहेत. दोन्ही वेळा आधी उतारा दुरुस्त करावा, मग प्रश्न.