मुदतपूर्व बाळाचे खरे वय कसे मोजावे?

नातवंडाला सहा महिने पूर्ण होतात, घरात उष्टावणाचे बेत सुरू होतात आणि आजीच्या लक्षात येते की बाळाची मान अजून पुरती सावरलेली नाही. शेजारचे तेवढ्याच वयाचे मूल तर आधाराने बसू लागले आहे. अशा वेळी मनात शंका येणे स्वाभाविक आहे. मात्र बाळ मुदतीपूर्वी जन्मलेले असेल, तर आधी त्याचे वय नीट मोजले पाहिजे.

गर्भारपणाचा पूर्ण काळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस धरला जातो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व समजतात. अशा बाळाचे वय दोन प्रकारे मोजतात. जन्मतारखेपासूनचे ते प्रत्यक्ष वय आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनचे ते सुधारित वय. डॉक्टर यालाच ‘करेक्टेड एज’ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. बाळाचा जन्म ५ मार्च २०२४ रोजी, ३० आठवडे पूर्ण होताच झाला. ही नोंद रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर असते. ४० मधून ३० वजा केले की १० आठवडे, म्हणजे ७० दिवस उरतात. जन्मतारखेत ७० दिवस मिळवले की १४ मे ही अपेक्षित तारीख येते. आता ५ सप्टेंबरला बाळाचे सुधारित वय किती? १४ मे ते १४ ऑगस्ट तीन महिने आणि पुढचे २२ दिवस. म्हणजे तीन महिने २२ दिवस. आठवड्यांत पडताळून पाहू. जन्मापासून १८४ दिवस, म्हणजे २६ आठवडे २ दिवस झाले. त्यातून १० आठवडे वजा केले की १६ आठवडे २ दिवस उरतात. १४ मेपासूनचे दिवस मोजले तरी ११४, म्हणजे तेवढेच येतात. हिशेब जुळला.

या बाळाकडून सहा महिन्यांच्या नव्हे, तर पावणेचार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. मान सावरणे सर्वसाधारणपणे चौथ्या महिन्याच्या सुमारास साधते. त्यामुळे आजीच्या नातवाला उशीर झालेला नाही.

हिशेब चुकतो तो बहुधा दोन ठिकाणी. ‘नऊ महिने म्हणजे ३६ आठवडे’ असे आपण सहज धरतो. ३६ मधून ३० वजा केल्यास सहाच आठवडे उरतात आणि सुधारित वय चार आठवड्यांनी वाढून येते. मग नसलेल्या उशिराची काळजी घर करते. दुसरी चूक चार आठवड्यांचा एक महिना धरण्याची. त्या हिशेबाने वर्षाचे तेरा महिने होतात! म्हणून महिने सांगायचे असतील तर अपेक्षित तारखेपासून दिनदर्शिकेवरच मोजावेत. आठवड्यांना चाराने भागू नये.

सुधारित वय कुठे वापरायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. लसीकरण जन्मतारखेनुसारच होते. आपल्या बाळाची सहा आठवड्यांची लस १६ एप्रिलला येते. तेव्हा तर अपेक्षित तारखेला अजून चार आठवडे बाकी असतात! ‘बाळ अजून लहान आहे’ म्हणून लस पुढे ढकलू नये. जन्मवेळचे वजन फारच कमी असेल तर एखाद्या डोसाविषयी डॉक्टर वेगळे सांगतील. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही जन्मापासूनच मोजतात. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. आपल्या उदाहरणात ती ४ एप्रिलपर्यंत व्हायला हवी. अपूर्ण वाढलेल्या पडद्याचा विकार वेळेत सापडला तर उपचार होऊ शकतात. उशीर झाल्यास दृष्टी गमावण्याचा धोका असतो. उष्टावण केव्हा करावे हे मात्र बाळाची मान, गिळण्याची तयारी व वजन पाहून डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणखी एक सावधगिरी. सुधारित वय ही दिलाशाची सबब होऊ नये. सुधारित वयाने चार महिने उलटून गेल्यावरही मान लटकत असेल, हातपाय ताठ राहत असतील किंवा मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतील, तर ‘बाळ लवकर जन्मले, होईल हळूहळू’ असे म्हणत थांबू नये. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

हा हिशेब साधारणपणे दोन वर्षांपर्यंतच ठेवतात. पुढे दोन्ही वयांतील फरकाला फारसे महत्त्व राहत नाही. तोवर बाळाच्या फाइलवर दोन तारखा ठळक लिहून ठेवाव्यात. लस व डोळ्यांच्या तपासणीसाठी जन्माची तारीख आणि मान, बसणे, बोलणे यांसाठी अपेक्षित तारीख.