पाण्यातल्या फोटोत चेहरा निळा-हिरवा का दिसतो आणि तो मोबाईलवर कसा दुरुस्त करायचा?

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या पुढे गेला की मार्कंडेय जलतरण तलावापासून शेतातल्या विहिरीपर्यंत सगळीकडे गर्दी होते. सोबत वॉटरप्रूफ पाऊच आणि मोबाईल असतोच. पण घरी येऊन फोटो बघितले की मित्राचा चेहरा आजारी माणसासारखा हिरवट-राखाडी दिसतो. मग आपण एखादा फिल्टर टाकतो, ब्राइटनेस वाढवतो आणि चेहरा आणखी बिघडतो. तो का बिघडतो हे एकदा कळलं की दुरुस्ती दोन-तीन मिनिटांची आहे.

लाल रंग जातो कुठे?

पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, निळा मात्र जवळपास तसाच जाऊ देतं. स्वच्छ पाण्यात एक मीटर अंतर कापलं की गडद लाल प्रकाशापैकी साधारण ७० टक्के उरतो. अडीच मीटरनंतर ४० टक्क्यांच्या आसपास राहतो. तेवढ्याच अंतरात हिरवा ९० टक्के आणि निळा त्याहूनही जास्त शिल्लक असतो.

इथे अंतर म्हणजे फक्त खोली नव्हे. सूर्यप्रकाश आधी वरून चेहऱ्यापर्यंत पाण्यातून येतो आणि मग चेहऱ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत पुन्हा पाण्यातून जातो. मित्र एक मीटर खोल आणि तुमच्यापासून दीड मीटर लांब असेल, तर प्रकाशाचा पाण्यातला एकूण प्रवास अडीच मीटरचा झाला.

आता त्वचेचं बघा. माणूस गोरा असो, गव्हाळ असो की सावळा, साध्या उजेडात त्वचेत लाल सर्वात जास्त, मग हिरवा आणि सर्वात कमी निळा असतो. पाणी नेमका लालच काढून घेतं, त्यामुळे हा क्रम मोडतो आणि त्वचा हिरवट दिसते. आपलं काम एवढंच, की हा क्रम परत आणायचा.

एक फोटो दुरुस्त करून बघू

समजा, वरच्याच अंतरावर काढलेल्या फोटोत मित्राच्या गालाचे आकडे लाल ९७, हिरवा १०६, निळा ८८ असे आहेत. लाल हिरव्याच्या खाली गेलाय, म्हणून चेहरा मलूल दिसतोय. त्याच्या टोपीवर एक पांढरी पट्टी आहे. तिचे आकडे आहेत लाल १४३, हिरवा २०९, निळा २२०. पांढऱ्या वस्तूत तिन्ही आकडे सारखे हवेत. म्हणजे पाण्याने किती लाल खाल्ला, याचा हिशोब त्या पट्टीनेच दिला.

स्नॅपसीडमध्ये फोटो उघडा, Tools मधून White Balance निवडा, ड्रॉपरच्या चिन्हावर टॅप करा आणि तो ड्रॉपर टोपीच्या पट्टीवर न्या. अ‍ॅप ती पट्टी पांढरी धरून सगळ्या फोटोचे रंग सरकवतं. ढोबळ हिशोबाने लाल जवळपास दीडपट होतो आणि निळा थोडा कमी होतो. गालाचे आकडे आता लाल १४२, हिरवा १०६, निळा ८४ होतात. क्रम जागेवर आला, चेहऱ्यात जीव आला.

कुठलंही पांढरं चालत नाही

बहुतेकांचं इथेच चुकतं. ड्रॉपर मागच्या भिंतीच्या पांढऱ्या टाइलवर ठेवला, तर काय होईल? ती टाइल सहा मीटर लांब आहे, त्यामुळे तिच्यापासून येणाऱ्या प्रकाशातला लाल कितीतरी जास्त गेलाय. तिचे आकडे लाल ९०, हिरवा १९५, निळा २२० असे असतील, तर अ‍ॅप सगळीकडे लाल दुपटीहून जास्त वाढवेल. गालाचा लाल २१० वर जाईल आणि चेहरा विटेसारखा तांबडा होईल.

उलट, तलावाच्या काठावरचा पांढरा टॉवेल निवडला, तर तिथे पाण्याने लाल खाल्लेलाच नाही, त्यामुळे चेहरा हिरवाच राहील. म्हणून नियम एकच: पांढरी वस्तू चेहऱ्याइतक्याच खोलीवर आणि कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर हवी. टोपी, पोहण्याच्या कपड्यावरची पट्टी, हातातला पांढरा बँड चालेल. दात नकोत, ते मुळात किंचित पिवळे असतात.

पांढरं काहीच नसेल, तर White Balance मधलं Temperature पिवळ्या बाजूला आणि Tint गुलाबी-जांभळ्या बाजूला थोडं थोडं सरकवा. नजर ओठांवर ठेवा. ओठ गालापेक्षा लालसर दिसू लागले की थांबा.

फक्त चेहराच बिघडला असेल तर

चेहरा सुधारला पण मागचं पाणी जांभळं झालं, हे पुष्कळदा होतं. मागचं पाणी निळंच असायला हवं. अशा वेळी वरच्या कोपऱ्यातून View edits मध्ये जा, White Balance च्या पायरीवर टॅप करा, ब्रशचं चिन्ह निवडा आणि बोटाने फक्त त्वचा रंगवा. बदल तेवढ्याच भागात राहील.

डोकं पाण्याबाहेर असतानाच्या फोटोतही हाच उपाय. तिथे हवेतून आलेला उजेड ठीक असतो, पण तलावाच्या निळ्या फरश्यांवरून परत येणारा प्रकाश हनुवटी आणि गळ्यावर खालून पडतो. कपाळ बरोबर आणि हनुवटी निळसर, असं असेल तर फक्त खालचाच भाग रंगवा.

विहीर आणि तारकर्लीचे फोटो

विहिरीच्या पाण्यात शेवाळ असतं आणि ते निळा प्रकाशही शोषतं. त्यामुळे तिथे रंग निळ्यापेक्षा हिरव्याकडे झुकतो. तेव्हा Temperature ला फारसा हात न लावता मुख्य काम Tint ने करा.

तारकर्लीला स्कूबा करताना काढलेल्या फोटोंची अडचण वेगळी आहे. पाच-सहा मीटर खाली पाणी अगदी स्वच्छ असलं, तरी गडद लाल १० टक्क्यांच्या आसपासच उरतो. गढूळ पाण्यात त्याहूनही कमी. तो ताणून वाढवला की रंगासोबत दाणेही वाढतात आणि गालावर लाल ठिपके येतात. Curves मध्ये Red निवडून बघा. आलेख पूर्ण डावीकडे भिंतीला चिकटला असेल, तर लालची माहिती फोटोत नोंदलीच गेली नाही. कुठलाही स्लायडर ती परत आणू शकत नाही. असा फोटो कृष्णधवल केलेला बरा.

हे टाळायचं तर काढतानाच जवळ जा. अंतर दीड मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणलं, तर प्रकाशाचा एक मीटर प्रवास वाचतो. आणि फोनवर आयपी६८ लिहिलेलं असलं, तरी ती चाचणी साध्या पाण्यातली असते, क्लोरीनच्या किंवा समुद्राच्या पाण्यातली नाही. पाऊच वापराच.

थांबायचं कुठे?

रंग दुरुस्त करणं म्हणजे चेहरा गोरा करणं नव्हे. वरच्या उदाहरणात गालाचा हिरवा आकडा १०६ होता तो १०६ च राहिला, बदलला तो लाल आणि थोडा निळा. ब्राइटनेस वाढवणारे ‘ब्युटी’ फिल्टर तिन्ही आकडे वर नेतात, त्यामुळे हिरवटपणा तसाच राहतो आणि सावळा मित्र ओळखू येत नाही. शेवटी त्याच मित्राचा काठावर, सावलीत काढलेला साधा फोटो शेजारी ठेवून बघा. दोन्हीत त्वचा एकाच माणसाची वाटली की काम झालं.