इतिवृत्तात काय आहे आणि काय नाही : जनसुनावणीनंतर संपादकांना लिहायचे पत्र

एखाद्या खाणीच्या किंवा कारखान्याच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीला हजर राहिलेला माणूस, तिचे इतिवृत्त हाती आल्यावर, वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहितो. त्या पत्रातली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ‘जनसुनावणीत प्रकल्प फेटाळला गेला’ हे वाक्य. जनसुनावणी काहीच फेटाळत नाही आणि काहीच मंजूरही करत नाही. तिथे मतदान होत नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार तिचे काम लोकांचे म्हणणे ऐकून ते नोंदवण्याचे आहे. निर्णय पुढे होतो. तज्ज्ञ समिती कागदपत्रे तपासून शिफारस करते आणि प्रकल्पाच्या प्रकारानुसार केंद्रीय मंत्रालय किंवा राज्याचे प्राधिकरण मंजुरी देते किंवा नाकारते. म्हणून जनसुनावणीचे ‘निष्कर्ष’ हा शब्दच जरा फसवा आहे. इतिवृत्तात निष्कर्ष नसतात. त्यात लोकांचे मुद्दे, कंपनीची उत्तरे आणि ही देवाणघेवाण कशी झाली याची नोंद असते. पत्र लिहिणाऱ्याला सांगण्याजोगे जे काही सापडते, ते या नोंदीच्या बारकाव्यांत.

अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात ही नोंद कशी व्हावी हे सांगितले आहे. सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा तिच्या जवळ घ्यायची. किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यायची. परिणाम मूल्यांकनाचा मसुदा अहवाल आणि त्याचा स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी वाचायला ठेवायचा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो, सोबत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी. सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी मंडळाच्या प्रतिनिधीने गोषवारा तयार करून तो जमलेल्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते. गोषवाऱ्याला आणखी एक कागद जोडलेला असतो. त्यात एका बाजूला लोकांचा मुद्दा आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचे म्हणणे असते. पत्रासाठी सर्वांत मोलाचा कागद हाच, आणि नेमका तोच न वाचता बरेच जण पत्र लिहितात.

गणपूर्तीची अट सुनावणीला नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मंडपात 40 माणसे असोत की 400, सुनावणी वैधच ठरते. त्यामुळे ‘उपस्थिती प्रचंड होती, म्हणजे विरोध प्रचंड होता’ असे लिहिणे टिकत नाही. हजेरीच्या वहीत सही करणाऱ्यांत कंपनीचे कामगार असतात, ठेकेदार असतात, तमाशा बघायला आलेलेही असतात. किती जण आले यापेक्षा किती जण बोलले आणि त्यातल्या किती जणांचा प्रश्न इतिवृत्तात प्रश्न म्हणून उतरला, हा आकडा जास्त बोलका असतो.

उदाहरण म्हणून कोकणातले एक काल्पनिक गाव घेता येईल. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा आहे आणि त्या सड्यावर बॉक्साइटची खाण प्रस्तावित आहे. सड्याच्या कुशीतून एक झरा निघतो. वाडीचे पिण्याचे पाणी त्याच्यावर आणि खालच्या काजूच्या बागाही त्याच्यावर. सुनावणीत एक म्हातारी बागायतदारीण उठून विचारते, “आमच्या झऱ्याचं पाणी तुम्ही मे महिन्यात मोजलंत का?” प्रश्न साधा वाटतो, पण तो अहवालाच्या मर्मावर बोट ठेवतो. परिणाम मूल्यांकनासाठीची मूळ स्थितीची मोजणी बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामात होते. ती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात झाली असेल, तर झरा भरून वाहत असतानाचेच आकडे अहवालात येतात. वाडीला त्या पाण्याची खरी गरज पडते ती एप्रिल-मेमध्ये.

इतिवृत्तात या प्रश्नाची नोंद अशी होते : ‘काही ग्रामस्थांनी पाण्याविषयी चिंता व्यक्त केली.’ समोर कंपनीचे उत्तर : ‘खाणकाम भूजलपातळीच्या वर केले जाईल.’ दोन्ही वाक्ये खोटी नाहीत आणि प्रश्न मात्र दोहोंच्या मधून निसटला आहे. महिना गेला, झरा गेला, मोजणी गेली, उरली ती ‘चिंता’. उत्तरही दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी शोषून घेतो, त्याच्या खालच्या चिकणमातीच्या थरावर ते साठते आणि उतारावर झरा होऊन बाहेर येते. हे पाणी विहिरींच्या खोल भूजलपातळीच्या कितीतरी वर असते. खाण खोल पातळीला न शिवताही वरचा जांभा काढून झरा आटवू शकते. सुनावणीला हजर असलेल्या, वहीत त्या म्हातारीचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतलेल्या माणसालाच ही तफावत दिसते. पत्र लिहिण्याचा त्याचा अधिकार इथून येतो.

ही निसटलेली जागा ओळखण्याची खूण सोपी आहे. कंपनीच्या उत्तरात आकडा, जागा आणि मुदत यांपैकी काही आहे का, ते पाहायचे. ‘ट्रकवर ताडपत्री घालू आणि वाडीजवळच्या रस्त्यावर दिवसातून तीनदा पाणी मारू’ हे उत्तर आहे, कारण ते पुढे तपासता येते. ‘सर्व नियमांचे पालन करण्यात येईल’ हे उत्तर नाही. ‘सदर मुद्दा अहवालात समाविष्ट आहे’ असे लिहिले असेल, तर अहवालाचे ते पान उघडून पाहावे. पुष्कळदा त्या पानावर विषय असतो, पण विचारलेला प्रश्न नसतो.

पत्र लिहिताना या सगळ्यातून एकच मुद्दा निवडावा लागतो. वाचकांच्या पत्रांना जागा थोडी असते आणि संपादकीय विभाग कात्री लावतो ती बहुधा शेवटाकडून. म्हणून मुख्य तफावत पहिल्या दोन-तीन वाक्यांतच आलेली बरी. सुनावणीचा दिवस, ठिकाण आणि इतिवृत्ताचा मुद्दा क्रमांक दिला, की उपसंपादकाला पडताळणी करता येते. नाहीतर पत्र चांगले असूनही बाजूला पडते. लिहिणाऱ्याची सड्यावर जमीन असेल किंवा तो सुनावणीत स्वतः बोलला असेल, तर तेही एका वाक्यात सांगून टाकणे श्रेयस्कर, कारण नंतर ते दुसऱ्याने उघड केले तर पत्राचा सगळा भार हलका होतो. गावकऱ्यांची नावे इतिवृत्तात असली तरी पत्रात त्यांची गरज नसते. आणि ‘कंपनीने खोटे सांगितले’ असे लिहिण्याऐवजी प्रश्न आणि उत्तर शेजारी-शेजारी ठेवले, तर वाचक काय समजायचे ते समजतो आणि बदनामीच्या आरोपालाही जागा उरत नाही.

वरच्या काल्पनिक गावातून आलेले असे पत्र साधारण पुढीलप्रमाणे असेल :

“महोदय, आमच्या गावातील प्रस्तावित बॉक्साइट खाणीच्या जनसुनावणीचे इतिवृत्त आता ग्रामपंचायतीत लावण्यात आले आहे. या सुनावणीला मी हजर होतो. सड्याच्या पायथ्याशी माझी काजूची बाग आहे. सुनावणीत 23 जण बोलले, त्यांपैकी 9 जणांनी वाडीच्या झऱ्याविषयी विचारले. झऱ्याचा प्रवाह मे महिन्यात मोजला आहे काय, असा त्यांचा नेमका प्रश्न होता. इतिवृत्तातील मुद्दा क्रमांक 6 मध्ये त्याची नोंद ‘पाण्याविषयी चिंता’ एवढीच आहे आणि खाणकाम भूजलपातळीच्या वर होईल, असे उत्तर दिले आहे. झरा जांभ्यातील वरच्या पाण्यावर चालतो, त्यामुळे या उत्तराने प्रश्न सुटत नाही. मसुदा अहवालातील मोजणी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील आहे. धुळीबाबत मात्र कंपनीने ताडपत्री आणि पाणी मारण्याचे स्पष्ट आश्वासन दिले, हेही नमूद केले पाहिजे. अंतिम अहवाल तज्ज्ञ समितीकडे जाण्यापूर्वी झऱ्याची उन्हाळी मोजणी करून तो आकडा जाहीर करावा, एवढीच मागणी आहे.”

पत्रातला धुळीचा उल्लेख शिष्टाचारापुरता नाही. कंपनीने जिथे धड उत्तर दिले ते मान्य केले, की जिथे दिले नाही त्याविषयीचा शब्द वजनदार होतो. मागणीही अशी आहे की तिची पूर्तता झाली की नाही हे कुणालाही पाहता येईल. झऱ्याखाली 15 लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते, हे घड्याळ लावून गावकरीही मोजू शकतात. बादली 30 सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला 30 लिटर. मे महिन्यात रोज एकाच वेळी केलेली अशी 10 दिवसांची नोंद, तारखेसह, पुढच्या प्रत्येक कागदाला जोडता येते.

सुनावणीतला प्रश्न नीट नोंदवला जाणे का अडते, हे गोव्याच्या एका प्रकरणातून कळते. केपे तालुक्यातल्या कावरे-मायणा भागातील लोहखनिज खाणीच्या मंजुरीला उत्कर्ष मंडळ या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. 26 नोव्हेंबर 2009 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सुनावणीत आलेल्या आक्षेपांचा तज्ज्ञ समितीने विचार केला पाहिजे आणि ते का स्वीकारले किंवा का नाकारले याची कारणे दिली पाहिजेत. या निकालाचा फायदा घ्यायचा तर आक्षेप कागदावर त्याच्या खऱ्या रूपात असावा लागतो. ‘चिंता व्यक्त केली’ या शब्दांना समिती ‘दखल घेतली’ एवढ्याच शब्दांनी उत्तर देऊन मोकळी होऊ शकते. ‘मे महिन्यातील प्रवाह मोजलेला नाही’ याला मात्र तिला कारण द्यावे लागते.

वेळही महत्त्वाची असते. सुनावणी संपल्यावर 8 दिवसांच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाने कामकाजाची नोंद आणि चित्रफीत मंजुरी देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवायची असते. मंडळाने इतिवृत्त आपल्या संकेतस्थळावरही ठेवायचे असते. त्यानंतर कंपनी लोकांच्या मुद्द्यांनुसार मसुद्यात बदल करून अंतिम अहवाल सादर करते आणि मग तज्ज्ञ समितीची बैठक होते. पत्र छापून येण्याचा उपयोग या मधल्या काळात असतो. मंजुरी मिळाल्यावर तेच पत्र केवळ तक्रार ठरते.

आणखी एक मर्यादा पत्रलेखकांच्या सहसा ध्यानात येत नाही. वर्तमानपत्रात छापलेले पत्र आपोआप प्रकल्पाच्या फायलीत जात नाही. समितीपुढे ते यायचे असेल, तर त्याचे कात्रण, आपली वहीतली नोंद आणि इतिवृत्तातला मुद्दा क्रमांक एका अर्जाला जोडून तो मंडळाच्या कार्यालयात आणि तज्ज्ञ समितीच्या सचिवांकडे द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.