बऱ्याच दिवसांनी?

बरेच महिने न दिसलेलं जुनं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं, तेव्हा वाण्यानं पहिलं वाक्य कोणतं बोलावं? मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न १९८२ मध्ये अगदी रोकडा होऊन उभा राहिला. १८ जानेवारीला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. लालबाग-परळच्या चाळींत तोवर रीत ठरलेली होती. महिनाभर सामान वहीवर न्यायचं, पगार झाला की वही चुकती करायची. संप लांबला तशी माणसं कोकणात, साताऱ्याकडे गावी निघून गेली. वही दुकानातच राहिली.

यातलं एखादं माणूस वर्षभरानं परतलं की ते आधी समोरच्या फुटपाथनं जाई. दुकानदारानं पाहिलंच, तर नाइलाजानं आत येई. अशा वेळी ज्यानं गल्ल्याखालून वही काढली, त्याचं गिऱ्हाईकही गेलं आणि बहुतेक वेळा पैसेही. मुरलेला वाणी विचारी, “या या! कधी आलात गावाहून? पाऊसपाणी कसं आहे?” एवढं बोलून तराजूकडे वळे. बाकीचा विषय गिऱ्हाईकच काढी: “शेठ, तुमचं ते राहिलंय...” “होईल हो. आज काय देऊ?” हा निव्वळ चांगुलपणा नव्हता. तोंड लपवणारा माणूस काहीच देत नाही, येत-जात राहणारा पाच-दहा रुपयांनी का होईना, फेडतो, हा हिशेब त्यामागे होता. तो नेहमी जमलाच असं नाही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, कितीतरी माणसं कायमची गावीच राहिली आणि त्यांच्या नावाची पानं तशीच पडून राहिली.

पुढे गैरहजेरीचं कारण बदललं. २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं आणि नंतर अशी दुकानं उपनगरांत पसरली. महिन्याचं सामान तिकडून येऊ लागलं, वाण्याकडे फक्त अडीअडचणीची कोथिंबीर नि मीठ उरलं. “काय वहिनी, वाट चुकलात का आज?” हा टोमणा याच काळात फार चालला. घरोबा असेल तर तो हसण्यावारी जातो. नसेल तर वहिनी मीठ घेतात, ओशाळं हसतात आणि पुढच्या वेळी दुसरी गल्ली धरतात.

खरी कसोटी लागली ती २०२० नंतर. मार्चअखेर टाळेबंदी आली. किराणा चालू राहिला, पण गिऱ्हाईक दोरीपलीकडे, चुन्याच्या वर्तुळात, तोंड झाकून उभं. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर राज्यात किराणा दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच मुभा होती. ज्येष्ठ माणसं महिनोन्‌महिने घराबाहेर पडली नाहीत. मग केव्हातरी एखाद्या काकू पुन्हा दारात दिसल्या, मास्कमुळे आधी आवाजावरूनच ओळखू आल्या.

इथे वाण्याची स्मरणशक्तीच त्याच्या अंगाशी येऊ शकते. एरवी हेच त्याचं भांडवल असतं. “तीच चहापत्ती ना, अर्धा किलो?” यापेक्षा उबदार स्वागत नाही, कारण त्यात आठवण काढली, असं वेगळं सांगावं लागत नाही. पण यादीत माणसं असतात. अर्धा किलो चहा दोघांचा होता. बिनसाखरेची बिस्किटं काकांची होती, तपकिरीची डबीही त्यांचीच. सवयीनं हात त्या डबीकडे गेला आणि “काका नाही दिसले बरोबर?” असं तोंडून निघालं, तर काकूंना तिथेच, चार गिऱ्हाइकांदेखत, उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे जाणत्या दुकानदारांनी प्रश्न उघडा ठेवला. “या काकू, बऱ्याच दिवसांनी! बसा. काय काय देऊ?” काकू म्हणाल्या, “चहा पाव किलो दे,” की उलगडा होतो. पुडा पाव किलोचा निघतो, बिस्किटांचं नाव कोणी घेत नाही. “पोऱ्याबरोबर पाठवतो, तुम्ही उचलू नका,” एवढं पुरतं. काकूंना सांगायचं असेल तर त्या सांगतात, दुकान रिकामं झाल्यावर.

आता गल्ल्याशेजारी पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगणारा डबा असतो. सुटे पैसे मोजताना होणाऱ्या दोन वाक्यांचीही गरज उरलेली नाही. तरी लालबागमध्ये गणपतीच्या दिवसांत विरार-डोंबिवलीला राहायला गेलेली घरं हमखास फेरी मारतात, जुन्या दुकानाशी थांबतात. गल्ल्यावर बहुधा मुलगा असतो, तो कोणाला ओळखत नाही. मागच्या खुर्चीतून म्हातारे शेठ चाळीचं नाव आणि मजला अचूक सांगतात, मग विचारतात, “आता कुठे असता?” आणि मुलाला कापराची वडी काढायला लावतात.