भाव ठरला, उचल कधी?

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपात जो बटाटा होतो, त्यातील काही वेफर्सच्या कारखान्यांसाठी करारावर लावला जातो. कंपनी बियाणे उधारीवर देते, त्याची वजावट शेवटच्या हिशेबात करते, आणि किलोचा भाव लागवडीपूर्वीच लिहून देते. साहजिकच शेतकऱ्याची दृष्टी त्या आकड्यावर खिळते. परंतु तो भाव पिकलेल्या मालाचा नसून प्रतवारीत उतरलेल्या मालाचा असतो, आणि प्रतवारी कोणत्या दिवशी व्हावी, याविषयी करारनामा बहुधा मौन बाळगतो.

वेफर्सना मोठा, घन द्रव्य अधिक आणि शर्करा अल्प असलेला बटाटा लागतो, कारण शर्करा वाढली की काप तळताना काळपट पडतो. लहान, कापलेला, हिरवा पडलेला वा सडका नग बाजूला काढला जातो. आता काढणी होऊन माल शेतात पडून राहिला, तर बाष्पीभवनाने वजन घटते, उजेडाने साल हिरवी पडते, पावसाने सड लागते आणि पाकोळीच्या अळ्या कंदात शिरतात. शीतगृहाचा आश्रय घ्यावा, तर अतिशीत हवेत शर्कराच वाढते व माल कारखान्याच्या कामातून जातो.

समजा, १० टन माल १८ रुपये किलोने ठरला. वेळेवर उचल होऊन १५ टक्के नापास झाला आणि तो बाजारात ८ रुपयांनी गेला, तर हाती १ लाख ६५ हजार येतात. तोच माल दहा दिवस पडून त्याचे वजन ५ टक्क्यांनी घटले व नापास माल २५ टक्क्यांवर गेला, तर रक्कम १ लाख ४७ हजारांच्या आसपास उतरते. लिखित भाव तसाच राहूनही पावणेअठरा हजार रुपये गेले, आणि ते कोणाच्या दिरंगाईने गेले, हे तोलपावतीवर कोठेच उमटत नाही. बाजारभाव करारभावाच्या खाली आला की ट्रक उशिरा येऊ लागतात व प्रतवारी कडक होते. तेव्हा नापासीचे प्रमाण बाजारभावाशी ताडून पाहावे.

यावर उपाय करारातच हवा. काढणीयोग्य झाल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून अमुक दिवसांत उचल व्हावी, त्यानंतरची तूट खरेदीदाराच्या माथी राहावी, वजन व नमुना शेतावरच उभयतांसमक्ष घेतला जावा, आणि मुदत टळल्यास अन्यत्र विकण्याची मुभा असावी, अशी कलमे स्पष्ट लिहावीत. बाजार तेजीत असता करार मोडून माल परस्पर विकणाऱ्या शेतकऱ्यालाही तीच शिस्त लागू असावी, हे ओघानेच आले.

महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यात २००६ साली करारशेतीची तरतूद झाली. मात्र दाद मागायला गेलेल्याकडून पुरावा म्हणून कागदच मागितला जातो. म्हणून सूचनेची पोच, प्रत्यक्ष उचलीची तारीख आणि नापास मालाची कारणवार नोंद प्रत्येक खेपेला लिहून, सही घेऊन ठेवावी.