कूलर, जुलै आणि कॉपी न होणारा प्रश्न

कॉलेज करता करता तुम्ही वाडीत दहावीच्या मुलांची शिकवणी घेता? मग हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. तीन वह्या तपासायला घेतल्या, तिन्हींत स्वाध्यायाची उत्तरं सारखी आणि चूकही त्याच ओळीत. पोट्टे एकमेकांचं बघून लिहीत नाहीत, तिघंही मोबाइलवर एकच पान उघडतात. बालभारतीचं पुस्तक राज्यभर एकच, धड्यामागचे प्रश्नही तेच. त्यामुळे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं की तयार उत्तर समोर येतं.

यावर पहिला उपाय सुचतो तो आकडे बदलण्याचा. पण पायऱ्या त्याच राहतात, मुलं फक्त आकडा बदलून उतरवतात. दुसरा उपाय म्हणजे प्रश्नात ‘वाडी’ किंवा ‘अंबाझरी’ घालणं. त्यानेही काही होत नाही, कारण गावाचं नाव काढलं तरी उत्तर तेच राहतं. बदलायचं असतं ते प्रश्नातलं काम. पुस्तक ‘सांगा’ म्हणतं, तुम्ही ‘ठरवा’ म्हणा.

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘उष्णता’ हा धडा घेऊ. त्यात सापेक्ष आर्द्रता आहे. हवेत प्रत्यक्ष असलेली वाफ भागिले त्याच तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणारी वाफ, गुणिले १००. व्याख्या विचारली तर ती नेटवर आहे. ‘पावसाळ्यात कूलर गारवा काहून देत नाही?’ असं विचारलं, तर तेही उत्तर नेटवर आहे. म्हणून प्रश्न असा मांडा :

‘मे महिन्यातली दुपार, तापमान ४० अंश. एक घनमीटर हवेत सुमारे ५० ग्रॅम वाफ मावते, प्रत्यक्षात आहे १० ग्रॅम. जुलैतली दुपार, ३० अंश. मावते सुमारे ३० ग्रॅम, आहे २४ ग्रॅम. तुमचा मित्र म्हणतो, जुलैत हवा आधीच थंड आहे, मग कूलर आणखी गार हवा देईल. त्याची चूक आकड्यांनी दाखवा.’

आता मुलाला सूत्र वापरावंच लागतं. मे मध्ये १० भागिले ५०, म्हणजे २० टक्के. जुलैत २४ भागिले ३०, म्हणजे ८० टक्के. पण खरं काम याच्या पुढे आहे. कूलरच्या ओल्या ताट्यांतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. मेच्या हवेत आणखी ४० ग्रॅमची जागा आहे, जुलैच्या हवेत फक्त ६ ग्रॅमची. मित्राने तापमान पाहिलं, जागा पाहिली नाही. हे वाक्य मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर धडा समजला असं समजा.

एक काळजी घ्या. ‘म्हणजे ४० ग्रॅम पाणी वाफ होईल’ असं कोणी लिहिलं, तर ते चूक आहे. हवा गार होत जाते तशी तिची वाफ मावण्याची क्षमताही कमी होते. हे आकडे तुलनेपुरतेच आहेत, तसं प्रश्नातच लिहा.

शेवटी घरचा एक उपप्रश्न जोडा : ‘तुमचा कूलर बाहेरची हवा ओढतो की खोलीतली? दारं-खिडक्या बंद ठेवून दोन तास चालवला तर काय होईल, आणि का?’ कूलर खोलीतच ठेवला असेल, तर तीच दमट हवा फिरत राहते आणि गारवा कमी होतो. खिडकीत असेल, तर बाहेरची कोरडी हवा येत राहते, पण आतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. दोन घरांची उत्तरं वेगळी असतील आणि दोन्ही बरोबर असू शकतील.

प्रश्न देण्याआधी दोन गोष्टी करा. आधी तो स्वतः सोडवा. एखादा आकडा द्यायचा राहिला असेल, तर तिथेच कळेल. मग तोच प्रश्न मोबाइलवर शोधा. पहिल्याच पानावरचं उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवून गुण मिळत असतील, तर प्रश्न परत लिहा. आणि तो पाच-सहा ओळींच्या वर जाऊ देऊ नका. नाहीतर विज्ञानात पक्कं पोरगंही भाषेत अडकतं, आणि त्याला काय समजलं नाही ते तुम्हालाच कळत नाही.

सगळा स्वाध्याय असा बदलू नका. व्याख्या आणि सूत्रं बोर्डाच्या पेपरात येतात, ती पाठ हवीतच. शिवाय असं प्रत्येक उत्तर वाचावं लागतं, नुसती बरोबरची खूण करून भागत नाही. एका धड्याला असा एक प्रश्न पुरे. तपासताना वह्या शेजारी-शेजारी ठेवा. आकडे सारखे असणारच, पण मित्राची चूक सांगणारं वाक्यही शब्दशः सारखं आलं, तर पुढच्या धड्याला प्रश्न पुन्हा नव्याने लिहायचा आहे.