सांजधारेचं ऊन

दुधाच्या जाहिरातीत सूर्य नेहमी उगवतच असतो. करमाडच्या परिसरात तसं चित्र टिपायला गेलात तर पहिली अडचण त्या उजेडाचीच येईल. डिसेंबरअखेर इथे सूर्य सातच्या सुमारास वर येतो. सकाळची धार मात्र बहुतेक गोठ्यांत त्याआधीच, बल्बखाली निघालेली असते, कारण किटल्या वेळेत संकलन केंद्रावर पोचवायच्या असतात. उन्हातली खरी धार हवी तर संध्याकाळची घ्यावी. पाचच्या सुमारास नैर्ऋत्येचं तिरपं ऊन पश्चिमेला उघड्या गोठ्यात थेट पत्र्याखाली शिरतं.

शेतवस्तीवर घर आणि गोठा बहुधा शेजारीच असतात. कॅमेरा धार काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर ठेवला आणि जागा नीट निवडली, तर कास, बादली आणि मागे स्वयंपाकघराचं दार एकाच चौकटीत बसतं. गोठ्यातली गाय आणि घरातला दुधाचा पेला अशी दोन वेगळी छायाचित्रं जोडावी लागत नाहीत. जोडलेलं चित्र सावलीवरून ओळखू येतं: गाय डावीकडून उजळलेली असते आणि पेल्याची सावलीही डावीकडेच पडलेली असते.

खरी कसोटी काळ्या-पांढऱ्या एचएफ संकरित गाईची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोर दिसेल ते मध्यम करड्याकडे ओढतो. काळ्या कुशीवर मोजलं तर पांढरे पट्टे आणि फेस कोरे होतात, दुधावर मोजलं तर दूध राखेसारखं दिसतं. म्हणून मोजमाप उन्हातल्या फेसावर घ्यावं, मग फेसाचे बुडबुडे दिसत राहतील इतपतच उजेड वाढवावा, आणि सावलीची बाजू समोर धरलेल्या पांढऱ्या चादरीने उजळावी.

रंगाचंही तसंच. वैरणीतल्या कॅरोटीनमुळे गाईच्या दुधाला पिवळसर झाक असते. म्हैस ते कॅरोटीन जीवनसत्त्व ‘अ’मध्ये बदलते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. संगणकावर गाईचं दूध निळसर पांढरं केलं की ते साय काढलेलं वाटू लागतं. गाईच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्लाही पुसू नये, तिच्या खरेपणाची खूणच ती. स्वच्छता दाखवायची तर धुऊन पुसलेली कास आणि वेगळ्या भांड्यात काढलेल्या पहिल्या धारा दाखवाव्यात. उसळत्या दुधाच्या लाटेतून ती दिसत नाही.

असा खरेपणा जाहिरातीत येऊ शकतो. श्याम बेनेगलांच्या १९७६च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले होते. अमूलने पुढे त्याच चित्रपटाचं गाणं जाहिरातीत वापरलं. ती जाहिरात मला अजून पटते, कारण तिच्यात दूध घालणारी माणसं दिसतात.

एका चौकटीची मर्यादाही मानायला हवी. पिशवीतलं दूध अनेक गोठ्यांचं एकत्र झालेलं असतं. ते चार अंशांपर्यंत थंड केलं जातं, नंतर साधारणपणे बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवलं जातं. तेव्हा चित्रातल्या गाईखाली ‘हिचंच दूध तुमच्या घरी’ असं लिहिता येणार नाही. या मधल्या प्रवासाची खूण म्हणून दार आणि गोठा यांच्या मधे, संकलनाची गाडी यायच्या वाटेवर, झाकण लावलेली किटली तरी ठेवावी.